पाचशेचा फरक

अकरावीच्या 'पुस्तपालन आणि लेखाकर्म'मधलं बँक जुळवणी पत्रकाचं प्रकरण सुरू झालं की माझ्याकडच्या वह्यांचे तीन ढीग होतात. उत्तर आलेल्या, उत्तर न आलेल्या आणि उत्तर 'आणलेल्या'. तिसऱ्या ढिगाला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

मी दिवसा सातपूर एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपचे हिशेब बघते आणि संध्याकाळी कॉमर्सच्या मुलांचा क्लास घेते. बहुतेक मुलं अशोकनगर, श्रमिकनगर, सातपूर कॉलनी या भागातली. कोणाचे वडील कंपनीत, कोणाचे स्वतःचं लेथ मशीन टाकून जॉबवर्क करणारे. बँक जुळवणीचं गणित मी सकाळी खरं करते आणि संध्याकाळी वहीत बघते. त्यामुळे वहीतली कुठली चूक पुढे किती महागात पडते हे मला जरा लवकर दिसतं.

यंदा दिलेलं एक गणित सांगते. ३१ मार्चला रोख पुस्तकाप्रमाणे बँकेतली शिल्लक २४,००० रुपये. मार्चमध्ये आपण १५,००० रुपयांचे चेक दिले, त्यातले ९,००० चे महिनाअखेरपर्यंत वटले. ११,५०० रुपयांचे चेक बँकेत भरले, त्यातले ७,००० चे वसूल झाले. बँकेने ३०० रुपये शुल्क कापलं. एका ग्राहकाने २,८०० रुपये परस्पर आपल्या खात्यात भरले. बँकेने विम्याचा २,००० रुपयांचा हप्ता आपल्या वतीने भरला. शेवटच्या तिन्ही गोष्टींची आपल्या पुस्तकात नोंद नाही. तर पासबुकाप्रमाणे शिल्लक किती?

दिलेल्या चेकांपैकी ६,००० चे अजून बँकेत पोचलेले नाहीत. आपण ते पुस्तकात आधीच वजा केलेत, बँकेला मात्र त्यांचा पत्ताच नाही. म्हणजे पासबुकात तेवढे पैसे जास्त दिसणार, म्हणून ते मिळवायचे. भरलेल्या चेकांपैकी ४,५०० चे वसूल व्हायचेत. ते आपण आधीच मिळवून बसलोय, बँकेने अजून मिळवलेले नाहीत, म्हणून वजा. शुल्क वजा, ग्राहकाने भरलेले अधिक, हप्ता वजा. उत्तर २६,०००.

आता वह्या.

पहिल्या वहीत उत्तर होतं १४,०००. बारा हजारांचा फरक! मुलाचा चेहरा पडलेला, शेजारची दोघं हसत होती. पण तपासणाऱ्याच्या दृष्टीने ही सगळ्यात सोपी वही. फरक निम्मा करायचा. बारा हजारांचे निम्मे सहा हजार, आणि गणितात सहा हजारांची एक रक्कम आहेच. एखादी रक्कम लिहायची राहिली तर उत्तर तेवढ्याच रकमेने चुकतं. तीच रक्कम मिळवायच्या जागी वजा केली तर उत्तर दुपटीने चुकतं, कारण जिथे वर चढायचं होतं तिथे तो तेवढाच खाली उतरलेला असतो. या मुलाने न वटलेले चेक उलट्या बाजूला टाकले होते. बाकी चारही नोंदी बरोबर. एक चूक, एक चिन्ह.

दुसऱ्या आणि तिसऱ्या वहीत उत्तर सारखंच होतं, ३५,०००. एकाने दुसऱ्याचं बघून लिहिलं असणार असं कोणालाही वाटेल. फरक ९,००० चा, निम्मे केले तर ४,५००. म्हणजे भरलेले पण वसूल न झालेले चेक वजा करायच्या ऐवजी मिळवले. दुसऱ्या वहीत नेमकं तेच झालं होतं. तिसऱ्या वहीत मात्र ४,५०० व्यवस्थित वजा केलेले होते. तिथे मुलीने दिलेल्या चेकांची सगळीच्या सगळी रक्कम, १५,०००, मिळवली होती. त्यातले ९,००० वटलेत हे वाक्य तिने वाचलंच नव्हतं. चूक वेगळी, कारण वेगळं, उत्तर तेच. निम्मे करण्याची युक्ती आपल्याला कुठे बघायचं ते सांगते, काय झालं ते सांगत नाही. त्यासाठी ओळ न् ओळ वाचावीच लागते.

चौथी वही मात्र खास. उत्तर २६,५००. फक्त पाचशेचा फरक. मुलगा म्हणाला, "मॅडम, जवळजवळ आलंच की. अर्धा मार्क कापा."

मी वही बघितली. दिलेल्या चेकांच्या ओळीत त्याने ९,००० मिळवले होते, म्हणजे जे वटून गेलेत तेच. भरलेल्या चेकांच्या ओळीत ७,००० वजा केले होते, म्हणजे जे वसूल झालेत तेच. गणितात मुख्य म्हणाव्यात अशा दोनच ओळी होत्या आणि दोन्हींत त्याने नेमका नको तो भाग उचलला होता. एक चूक उत्तर तीन हजारांनी वर नेत होती, दुसरी अडीच हजारांनी खाली आणत होती. उरले पाचशे. वर्गात उत्तराच्या सगळ्यात जवळ पोचलेली ही वही सगळ्यात जास्त चुकलेली होती, आणि ज्याला सगळे हसले त्या बारा हजारवाल्याचं फक्त एक चिन्ह गेलं होतं. मी त्याला साडेतीन दिले, याला दीड. त्यावरून जे भांडण झालं ते इथे सांगत नाही.

पाचवी वही तिसऱ्या ढिगातली. त्यात चौथ्या वहीसारख्याच दोन्ही चुका होत्या, पण उत्तर अचूक २६,०००. बँक शुल्काच्या ओळीत ३०० च्या जागी ८०० लिहिलेलं. इंग्रजी आकड्यांत तीनचा आठ करायला फार शाई लागत नाही. पुस्तकामागचं उत्तर बघून मुलाने फरक काढला आणि तो सगळ्यात लहान, सगळ्यात बिनमहत्त्वाच्या ओळीत दडवला. हे करताना त्याने डोकं वापरलंय हे मान्य. पण मोठ्या माणसांच्या ऑफिसातही हे असंच होतं, फक्त तिथे त्याला 'किरकोळ फरक' म्हणतात आणि एका नोंदीत मारून टाकतात. पाचशे जुळत नाहीत म्हणजे पाचशेचीच गडबड आहे असं कोणी म्हणालं तर माझ्या पोटात गोळा येतो. त्या पाचशेखाली तीन हजार आणि अडीच हजार एकमेकांना टेकून उभे असू शकतात.

चिन्हं उलटी का पडतात, याचं अर्धं उत्तर मला आपल्या भाषेत सापडतं. 'जमा' म्हटलं की मराठी कानाला पैसे आल्याचं ऐकू येतं. पैसे जमा झाले, गर्दी जमा झाली, काहीतरी वाढलं. पण आपल्या रोख पुस्तकाची जमा बाजू ही पैसे गेल्याची बाजू असते. 'नावे'चं तर त्याहून वाईट. घर आईच्या नावे केलं, जमीन काकांच्या नावे झाली, असं ऐकत वाढलेल्या मुलाला 'बँकेने २,००० रुपये आपल्या नावे टाकले' हे वाचून बक्षीस मिळाल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात बँकेने ते आपल्या खात्यातून काढलेले असतात. पासबुक हे बँकेचं पुस्तक. त्यात आपण बँकेला दिलेले पैसे जमा दिसतात, कारण ती रक्कम बँक आपलं देणं लागते. तेच पैसे आपल्या पुस्तकात नावे असतात, कारण आपण बँकेकडून येणं लागतो. दोन माणसं समोरासमोर बसली तर एकाचा उजवा हात दुसऱ्याच्या डावीकडे येतो, तसं.

याहून घोळ करणारा शब्द म्हणजे 'न वटलेला चेक'. आपण फाडून दिलेला चेक वटला नाही तरी तो न वटलेला, आणि आपल्याला मिळालेला, आपण बँकेत टाकलेला चेक वटला नाही तरी तोही न वटलेला. शब्द एकच, पण एकाचं चिन्ह अधिक आणि दुसऱ्याचं वजा. मुलं 'न वटलेला म्हणजे मिळवायचा' एवढं पाठ करतात आणि दोन्ही ओळींना तेच लावतात. म्हणून माझ्या वर्गात हा शब्द नुसता वापरायला बंदी आहे. 'आपण फाडलेला' की 'आपल्याला आलेला', हे आधी म्हणायचं, मग पुढचं वाक्य.

पाठ केलेली चिन्हं आणखी एका ठिकाणी दगा देतात. काही गणितं पासबुकाच्या शिलकीपासून सुरू होतात आणि रोख पुस्तकाच्या शिलकीवर संपतात. मग सगळी चिन्हं उलटतात. ज्याने तक्ता घोकला त्याला दुसरा तक्ता घोकावा लागतो, आणि परीक्षेत दोन्ही एकमेकांत मिसळतात. मी एकच प्रश्न विचारायला लावते: ही रक्कम कोणत्या पुस्तकात अजून लिहिलेली नाही? मग जिथून निघालोय त्या आकड्याला, जिथे पोचायचंय त्या पुस्तकासारखं करायचं. फाडलेला चेक आपल्या पुस्तकात आहे, बँकेच्या पुस्तकात नाही. आपल्या आकड्यापासून निघालो असू तर आपली वजाबाकी परत फिरवायची. बँकेच्या आकड्यापासून निघालो असू तर बँकेने न केलेली वजाबाकी आपण करायची. एवढं कळलं की घोकायला काही उरत नाही.

अधिकर्षाच्या गणितांतही हाच प्रश्न पुरतो, फक्त पहिला आकडा वजा धरायचा. वरच्याच गणितात २४,००० ही शिलकीऐवजी ओव्हरड्राफ्ट असती, तर उणे २४,००० पासून निघून, सगळी चिन्हं तीच ठेवून, आपण उणे २२,००० वर पोचलो असतो. ओव्हरड्राफ्ट आला म्हणून प्रत्येक ओळीचं चिन्ह बदलायचं अशी एक अफवा मुलांमध्ये दर वर्षी फिरते. सुरुवातीचा आकडा उणे लिहून वर चिन्हंही उलटवली, तर न केलेल्या चुकीची दुरुस्ती होऊन बसते.

यंदा एका मुलाने विचारलं, "मॅडम, आता चेक त्याच दिवशी वटतो ना? मग हे प्रकरण कशाला?" प्रश्न बरोबर होता. रिझर्व्ह बँकेने ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक क्लिअरिंगची पद्धत बदलली. आधी बँका दिवसभराचे चेक गोळा करून एका गठ्ठ्यात पाठवायच्या आणि वसुलीला साधारण दोन कामकाजाचे दिवस जायचे. आता ठरलेल्या वेळात आलेल्या चेकची प्रतिमा लगेच पुढे जाते, आणि ज्याच्या बँकेवर तो चेक काढलाय तिने त्याच दिवशी संध्याकाळी सातपर्यंत हो किंवा नाही कळवायचं असतं.

पण यातून एकाच ओळीतली रक्कम आटते, आपण भरलेल्या चेकची. तीही पूर्ण नाही. ३१ मार्चला ती वेळ संपल्यावर टाकलेला चेक ३१ मार्चला वटत नाही. दुसरी ओळ, आपण फाडून दिलेल्या चेकची, तिला या बदलाचा धक्काही लागत नाही. क्लिअरिंगचं घड्याळ चेक बँकेत पोचल्यावर सुरू होतं. समोरच्या माणसाने तो पाकिटात, ड्रॉवरमध्ये किंवा गणपतीच्या फोटोमागे ठेवला तर बँकेचा वेग काय कामाचा? चेकवरच्या तारखेपासून तीन महिने तो चालतो. तेवढा काळ ती रक्कम आपल्या पुस्तकातून गेलेली आणि बँकेत मात्र बसलेली.

पत्रक झाल्यावर मी एक पुढचा प्रश्न घालते, पुस्तकात नसला तरी. एप्रिलमध्ये यातल्या कोणत्या नोंदी आपल्या रोख पुस्तकात करायच्या? शुल्क, ग्राहकाने भरलेले पैसे आणि विम्याचा हप्ता, या तीनच. त्या आपल्याला माहीत नव्हत्या, आता कळल्या. चेकच्या दोन्ही ओळींची नोंद करायची नाही. त्या आधीच झाल्यात, फक्त बँक मागे आहे, ती आपोआप गाठेल. निम्मा वर्ग इथे चेकचीही नोंद करतो. सहा हजारांचा चेक ४ एप्रिलला वटला की बँकेच्या स्टेटमेंटमध्ये दिसतो, आणि नवखा माणूस म्हणतो, अरे हे तर आपल्याकडे लिहायचंच राहिलंय. मग एकच पैसे दोनदा जातात. वर्कशॉपमध्ये नवीन आलेल्या पोराला मी टॅलीत हेच आधी शिकवते. बँकेतली ओळ दिसली की नवीन व्हाउचर टाकायचं नाही, जुन्या व्हाउचरसमोर बँकेची तारीख भरायची. ज्यांच्यासमोर तारीख रिकामी राहिली, ती तुमची जुळवणी.

चेक वटलाच नाही, परत आला, तर काय? तिथे एक खास घोळ होतो. प्रश्नात लिहिलेलं असतं की वसुलीसाठी भरलेल्या ४,५०० च्या चेकांपैकी २,००० चा चेक अनादरित झाला, पण त्याची नोंद फक्त पासबुकात आहे. मुलं 'वसूल न झालेले' म्हणून ४,५०० वजा करतात आणि खाली 'अनादरित' म्हणून पुन्हा २,००० वजा करतात. पण ते दोन हजार त्या साडेचार हजारांतच आहेत. तपासताना माझी खूण सोपी आहे: उत्तर बरोबर दोन हजारांनी कमी. दुप्पट नाही, अर्धं नाही, तेवढंच. म्हणजे काहीतरी राहिलंय किंवा दोनदा आलंय.

या प्रकरणात एका मुलीने वहीत नाही, वर्गात हात वर करून विचारलं. तिच्या वडिलांचं छोटं जॉबवर्क आहे, दोन लेथ आणि एक ड्रिल मशीन. "मॅडम, पप्पा तर पार्टीचा चेक बँकेत टाकला की लगेच डायरीत मिळवतात. मग ते चुकीचं आहे का?"

मी म्हटलं, डायरीत लिहिणं चुकीचं नाही. डायरी हे त्यांचं रोख पुस्तक आहे आणि रोख पुस्तकात चेक मिळाल्यावर लिहितातच. चूक होते ती डायरीतल्या आकड्यावर दुसरा चेक फाडताना. मग तिने हळूच पुढचं सांगितलं. मागच्या वर्षी खात्यात १८,००० होते. पार्टीचा ४०,००० चा चेक भरला, डायरीत ५८,००० झाले. त्याच दिवशी स्टीलवाल्याला ४५,००० चा चेक दिला. डायरीत १३,००० उरलेले दिसत होते. स्टीलवाल्याचा चेक आधी पोचला. बँकेत त्या वेळी अठरा हजारच होते.

चेक परत गेला. अपुऱ्या शिलकीमुळे चेक परत गेला तर समोरचा माणूस तीस दिवसांत नोटीस पाठवू शकतो. नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे दिले नाहीत तर कलम १३८ खाली फिर्याद होऊ शकते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तिच्या वडिलांनी उसने घेऊन दोन दिवसांत पैसे पोचवले, म्हणून प्रकरण नोटिशीपर्यंत गेलं नाही. पण तो स्टीलवाला तेव्हापासून उधारीवर माल देत नाही.

मी तिला तोच व्यवहार पत्रकाच्या साच्यात मांडायला लावला. डायरीप्रमाणे शिल्लक १३,०००. आपण फाडलेला, बँकेत न पोचलेला चेक ४५,००० अधिक. आपल्याला आलेला, वसूल न झालेला चेक ४०,००० वजा. पासबुकाप्रमाणे १८,०००. उत्तर जुळलं, आणि ते जुळल्यावर ती बराच वेळ वहीकडे बघत राहिली. पंचेचाळीस हजार मिळवायच्या ओळीत होते. मिळवायचे, म्हणजे ते बँकेतून अजून जायचे होते. आणि ज्या चाळीस हजारांच्या भरवशावर ते दिले ते वजाच्या ओळीत होते.

पुढच्या आठवड्यात ती वडिलांची डायरीच घेऊन आली. मागच्या तीन महिन्यांच्या पानांवर तिने समासात एक रकाना आखला होता. चेकसमोर बँकेत दिसल्याची तारीख, मोबाइलवरच्या स्टेटमेंटमधून बघून. आलेल्या चेकसमोरचे सगळे रकाने भरले होते. दिलेल्यांपैकी दोन रिकामे होते. एक चार दिवसांपूर्वीचा, तो ठीक. दुसरा साडेनऊ हजारांचा, टूल ग्राइंडिंगवाल्याला दिलेला. त्याला अडीच महिने होऊन गेले होते.

"हे पैसे वापरायचे का?" तिने विचारलं.

नाही, असं मी म्हटलं. ते बँकेत असले तरी आपले नाहीत. आधी त्या माणसाला फोन लावायचा. चेक त्याच्याकडे असेल तर तीन महिने व्हायच्या आत भरायला सांगायचं. हरवला असेल तर बँकेला त्या नंबरचा चेक थांबवायची सूचना द्यायची आणि मगच दुसरा फाडायचा, नाहीतर दोन्ही वटतील. आणि तारीख उलटून गेलीच, तर जुनी नोंद उलटी करून पैसे पुस्तकात परत आणायचे, पण त्या माणसाचं देणं उभं ठेवायचं. चेक शिळा झाला तरी उधारी शिळी होत नाही.

तिने फोन वर्गाबाहेर जाऊन लावला. चेक त्यांच्याच दुकानात, बिलबुकात अडकलेला होता. सोमवारी भरतो म्हणाले. तिने डायरीत त्या रिकाम्या रकान्यात पेन्सिलने 'सोम.' लिहिलं.